टूल घेतलं तरी अप्रूव्हल अडतंच

"पाच क्लायंटची सोशल मीडिया पेजेस एकटीच बघते. शेड्युलिंग टूल घेतलं, तरी रोज रात्री 'बघितलं का?' असे मेसेज करत बसते. माझं काय चुकतंय?"

अगदी अशीच तक्रार घेऊन माझ्याकडे एक फ्रीलान्सर आला होता, पाच पेजेस, प्रत्येकी आठवड्याला तीन म्हणजे एकूण पंधरा पोस्ट. मी त्याला आठवडाभराचे चॅट उघडायला लावले आणि प्रत्येक पोस्ट कुठे अडकली ते दोघांनी मोजलं. डिझाइन वेळेवर तयार होतं हो, पण पोस्ट एकेक करून जायची, क्लायंट रात्री बघायचा, एक पार्टनर हो म्हणायचा आणि दुसरा सकाळी कॅप्शन बदलायला सांगायचा. टूलला अप्रूव्हलनंतरचंच काम दिलेलं, मग ते तरी काय करणार.

मग आम्ही एका वेळी दोन आठवड्यांचा बॅच ठरवला, म्हणजे एका क्लायंटच्या सहा पोस्ट एकत्र. एक शीट, त्यात तारीख, वेळ, फोटोची लिंक, पूर्ण कॅप्शन आणि शेवटी स्टेटस. सोमवारी पाठवायचं, गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर, बदल एकदाच, आणि हो म्हणणारी व्यक्ती प्रत्येक क्लायंटकडून एकच. पाचही बॅच एकाच सोमवारी मात्र पाठवायचे नाहीत, तीन या आठवड्यात, दोन पुढच्या, नाहीतर सगळ्यांचे बदल एकाच दिवशी अंगावर येतात. टूलमध्ये पोस्ट ड्राफ्ट म्हणूनच राहणार, शीटवर 'ओके' आलं की मगच शेड्युल.

उत्तरच आलं नाही तर? तो म्हणाला गप्प म्हणजे होकार समजू, मी ठाम नाही म्हटलं, कारण चुकीची ऑफर किंवा जुना फोन नंबर लाइव्ह गेला तर जबाबदारी त्याच्यावरच येते. त्यापेक्षा प्रत्येक क्लायंटच्या तीन-चार सदाबहार पोस्ट आधीच अप्रूव्ह करून ठेवायच्या, उत्तर नाही आलं की त्या जागी यातली एक जाते. हे सुरुवातीलाच मेलवर लिहून घेतलं, कारण तोंडी ठरलेलं महिन्याभरात कुणालाच आठवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वेगळाच घोळ झाला. एका क्लायंटने पेजचा पासवर्ड बदलला, टूलचं कनेक्शन तुटलं आणि दोन शेड्युल केलेल्या पोस्ट गेल्याच नाहीत, कॅलेंडरमध्ये त्या दिसत होत्या म्हणून त्याला वाटलं सगळं ठीक आहे. तेव्हापासून तो रोज सकाळी टूलमधली फेल झालेल्या पोस्टची यादी बघतो आणि पेज स्वतः उघडून खात्री करतो, पाच मिनिटांचं काम आहे. पासवर्ड घेणंही बंद केलं, आता क्लायंट त्याला मेटा बिझनेस सूटमधून पेजचा ॲक्सेस देतात.

चार क्लायंट दोन महिन्यांत रुळले. पाचवा अजूनही गुरुवार चुकवतो, त्याच्यासाठी एका आठवड्याचाच बॅच ठेवलाय आणि बुधवारी दहा मिनिटांच्या कॉलवर तीन पोस्ट समोरासमोर ओके करून घेतो.