गड्ड्याच्या पाच दिवसांचे नकाशाचे बिल

प्रश्न: माझे छोटे वेब ॲप सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, पार्किंगच्या जागा दाखवते. एरवी महिन्याला ४ हजार वेळा उघडते, गेल्या जानेवारीत ९० हजार वेळा उघडले. ओपनस्ट्रीटमॅपच्या फुकट टाइल वापरू, की गूगल किंवा मॅपबॉक्सला कार्ड जोडू? वर्षाला १० हजार रुपयांपलीकडे झेपणार नाही.

उत्तर: ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मुक्त आहे, पण `tile.openstreetmap.org` हा सर्व्हर देणग्यांवर चालतो आणि जास्त भार टाकणाऱ्या ॲपला पूर्वसूचनेशिवाय बंद करण्याचा अधिकार त्याच्या धोरणात राखून ठेवलेला आहे. एक टाइल म्हणजे नकाशाचा २५६ पिक्सेलचा चौकोनी तुकडा असतो, त्यामुळे मोबाईलचा पडदा भरायलाच दहा-पंधरा टाइल लागतात, आणि माणूस होम मैदानापासून विजापूर वेशीपर्यंत बोट सरकवू लागला की पन्नास सहज होतात. म्हणजे तुमच्या जानेवारीच्या ४५ लाख टाइल झाल्या. ऐन यात्रेत नकाशा कोरा पडण्याची जोखीम मी घेणार नाही.

गूगल आणि मॅपबॉक्स वेब नकाशासाठी टाइल मोजत नाहीत. पानावर नकाशा एकदा उभा राहिला की एक नग धरतात, मग तो कितीही सरकवा. मॅपबॉक्सचे महिन्याला ५० हजार नग मोफत, पुढे हजारी ५ डॉलर. तुमचे ४० हजार नग वर जातात, म्हणजे २०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १७ हजार रुपये, करांखेरीज. गूगलची भारतातील बिलिंग खात्यांसाठीची मोफत मर्यादा ७० हजारांची आहे, तेव्हा तिथे २० हजारच नगांचे पैसे पडतील. मोफत नग पुढच्या महिन्यात जमा होत नाहीत, त्यामुळे वर्षभराच्या काटकसरीचा जानेवारीला उपयोग शून्य.

माझ्या मते कार्ड गूगलला जोडावे, पण आधी ॲपचे पहिले पान बदलावे. तिथे पार्किंगची यादी आणि मोकळ्या जागा शब्दांत दाखवा, नकाशा मात्र ‘नकाशा पाहा’ हे बटण दाबल्यावरच उभा करा. निम्म्यांनी बटण दाबले तरी ४५ हजार नग होतात आणि बिल शून्यावर येते. हा निम्म्याचा अंदाज डिसेंबरात आठवडाभर मोजून पडताळा.

माझ्या एका ग्राहकाने बजेटची सूचना लावली आणि ती मर्यादाच आहे असे समजून निर्धास्त राहिला. सूचना फक्त ईमेल पाठवते, वापर थांबवतो तो कोटा. मात्र ७० हजारांना ३१ ने भागून रोजचा कोटा २,२५० ठेवलात, तर शोभेच्या दारूच्या संध्याकाळी नकाशा बंद पडेल. यात्रेचे पाच दिवस कोटा रोज ९ हजार ठेवा आणि बाकीचे २६ दिवस ९००. दोन्ही मिळून ६८,४०० होतात.