समारोपात उत्तर कसं आणायचं, प्रस्तावना परत न लिहिता

प्रश्न: "निबंधाचा विषय होता 'अनुस्वार कमी केल्यामुळे मराठी लिहिणे सोपे झाले का?' सरांनी शेरा मारलाय की समारोप म्हणजे प्रस्तावनेचीच नक्कल आहे, उत्तर कुठाय? मी तर 'अशा प्रकारे' लिहून व्यवस्थित शेवट केला होता. आणि समारोपात नवीन काही लिहायचं नसतं असंही शिकवलेलं, मग लिहायचं तरी काय?"

विषय दिलात ते फार बरं झालं, आता त्याच्यावरच बोलता येईल. तुमचा निबंध मी पाहिलेला नाही, पण या विषयावर प्रस्तावना साधारण अशी असते: "मराठी लेखनात अनुस्वाराला महत्त्वाचे स्थान आहे. १९६२ साली अनुस्वाराचे नियम बदलले. या बदलाचे परिणाम काय झाले ते या निबंधात पाहणार आहोत." आणि समारोप असा: "अशा प्रकारे मराठी लेखनात अनुस्वाराला महत्त्वाचे स्थान असून १९६२ साली त्याचे नियम बदलले. या बदलाचे विविध परिणाम आपण पाहिले." दोन्ही एकाखाली एक ठेवून वाचा, बदललंय फक्त क्रियापद. तिथे "पाहणार आहोत" होतं, इथे "पाहिले" झालं. मधली चार पानं लिहिली नसती तरी हा समारोप जसाच्या तसा लिहिता आला असता, आणि सरांचा आक्षेप नेमका हाच आहे.

"अशा प्रकारे" हा शब्दप्रयोग वाईट नाही, पण तो फक्त एवढंच सांगतो की वर्णन संपलं. सहलीच्या वर्णनाला तो चालतो. प्रश्नार्थक विषयाला तो घात करतो कारण त्याच्यापुढे हात आपोआप "आपण पाहिले की" असंच लिहितो. त्याजागी "यावरून" लिहून बघा, वाक्य लगेच अडतं, कारण यावरून काय ठरतं ते सांगावंच लागतं. म्हणजे "यावरून" छापायलाच हवं असं नाही, कच्च्या मसुद्यात ठेवा, विचार लागला की खोडा.

आता "नवीन काही नको" या नियमाबद्दल, कारण बहुतेकांचा समारोप इथेच फसतो. हा नियम पुराव्यापुरता आहे. जे उदाहरण, जी माहिती मध्ये कुठेच आली नाही ती शेवटच्या परिच्छेदात अचानक आणू नये, कारण तिची तपासणी करायला जागाच उरत नाही. पण त्या पुराव्यावरून काढलेला निर्णय तर नवीनच असणार ना! तो प्रस्तावनेत नसतो (निदान पूर्ण नसतो), मधल्या परिच्छेदांत तुकड्यातुकड्यांनी असतो, आणि ते तुकडे एकमेकांशी ताडून बघायची जागा समारोपच आहे. शिकवताना नियमाचा पहिला अर्धा सांगितला जातो आणि दुसरा राहून जातो, मग मुलं घाबरून प्रस्तावनाच परत उतरवतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मधलं काम कित्येकदा चांगलं झालेलं असतं.

तर तुमच्या विषयात मध्ये काय काय येईल ते आधी बघू, त्याशिवाय उत्तर कसं तयार होतं ते दिसणार नाही.

मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले १९६२ साली आणि राज्य सरकारने ते मान्य केले. त्यांच्यात अनुस्वारापुरता मोठा बदल असा की जे अनुस्वार आता उच्चारात ऐकू येत नाहीत ते लिहायचे नाहीत. आधी नांव, पांच, कांहीं, नाहीं, "मीं काम केलें", "त्यानें सांगितलें" असं लिहायचे. यातला प्रत्येक अनुस्वार कुठे येतो ते पाठ करावं लागायचं कारण कानाला त्याचा पत्ताच लागत नाही. ते गेले, म्हणजे लिहिणाऱ्याचं ओझं उतरलं. हा झाला एक तुकडा.

दुसरा तुकडा म्हणजे सगळे अनुस्वार गेले नाहीत. अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की तो द्यायचाच: मुलांनी, लोकांना, घरांसमोर. आदरार्थी अनेकवचनालाही तसंच, राज्यपालांचे, आपणांस वगैरे. म्हणजे "घरात" लिहायचं की "घरांत" हे ठरवायला घर एक की अनेक हे बघावं लागतं. निम्मी मंडळी इथे आजही अडखळतात.

तिसरा तुकडा वाचणाऱ्याचा. पूर्वी "तीं आलीं" लिहिलं की ती पुष्कळ मुलं आहेत हे नुसत्या लिहिण्यावरून कळायचं, आणि "ती आली" म्हणजे एक मुलगी. आता दोन्हीकडे "ती आली" असंच. "तें आलें" आणि "ते आले" यांचंही तेच झालं, एक मूल की पुष्कळ मुलगे हे संदर्भावरून ओळखायचं. म्हणजे काहीतरी हरवलं खरं. पण याच्या उलट एक गंमत आहे जी फार कमी निबंधांत येते: जुन्या पद्धतीत एका घरात असलं तरी "घरांत" आणि अनेक घरांमध्ये असलं तरी "घरांत", दोन्ही सारखंच दिसायचं. हा भेद डोळ्यांना मिळाला तो नव्या नियमांमुळे.

आता समारोप. सगळ्यात आधी कागदावर विषय परत लिहा आणि त्याखाली एकाच वाक्यात उत्तर, जसं तोंडी कुणी विचारलं तर देऊ तसं. "सोपं झालं का?" "हो, लिहिणाऱ्याला बरंचसं झालं, पण व्याकरण विसरून लिहिता येईल इतकं नाही." एवढंच. हे वाक्य बनवतानाच लक्षात येतं की विषयातला "सोपे" हा शब्द मोकळा सोडलेला आहे, कोणासाठी सोपे ते सांगितलेलंच नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांचं उत्तर वेगळं निघतंय, तेव्हा ते वेगळं करून सांगणं हा उत्तराचाच भाग आहे.

मग त्या वाक्याचा एकेक तुकडा घ्यायचा आणि तो मधल्या कुठल्या परिच्छेदावर उभा आहे ते बघायचं. आणि तुकडे एकमेकांविरुद्ध जात असतील तर कुठला जड आणि का, ते लिहायचं. याला लोक फार बिचकतात. "काही फायदे झाले तसेच काही तोटेही झाले" असं लिहून सुटतात, पण त्यात जड कुठलं हे सांगितलेलं नसतं म्हणून ते उत्तर होत नाही, यादीच राहते. मी लिहिला असता तर असा लिहिला असता:

"लिहिणाऱ्यासाठी मराठी सोपी झाली, कारण उच्चारात नसलेले अनुस्वार पाठ करण्याची गरज उरली नाही. मात्र अनेकवचनी सामान्यरूपाचा अनुस्वार राहिला, त्यामुळे व्याकरणाकडे न पाहता लिहिता येईल इतकी ती सोपी झाली नाही. वाचणाऱ्याला 'ती आली' यासारख्या ठिकाणी संदर्भ पाहावा लागतो, पण तो बहुधा शेजारच्याच वाक्यात मिळतो. शिवाय 'घरात' आणि 'घरांत' हा पूर्वी न दिसणारा भेद आता दिसतो. म्हणून वाचणाऱ्याची गैरसोय लिहिणाऱ्याच्या सोयीपेक्षा लहान ठरते. हे उत्तर अनुस्वारापुरते आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांबद्दल त्यावरून काही ठरत नाही."

यात एकही नवं उदाहरण नाही, सगळी मधलीच आहेत. तरी "लहान ठरते" हे वाक्य निबंधात आधी कुठेच नव्हतं, आणि त्याच्यावर कुणी वादही घालू शकतं. कुणी म्हणेल की जुनी कागदपत्रं वाचताना नव्या पिढीला अडचण येते, ती तुम्ही धरलीच नाहीत. घालू दे वाद, ज्याच्याशी असहमत होता येतं तेच उत्तर. "अनुस्वाराला महत्त्वाचे स्थान आहे" याच्याशी कोण भांडणार?

शेवटचं मर्यादेचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. ते नम्रतेपोटी नाही, अनुस्वार कमी झाले म्हणजे सगळं शुद्धलेखनच सोपं झालं असा अर्थ वाचणारा सहज काढेल म्हणून. कवी दीर्घ पण कविवर्य ऱ्हस्व, गुरू दीर्घ पण गुरुदक्षिणा ऱ्हस्व, ही डोकेदुखी त्याच नियमांत आहे, पण तुमच्या विषयात ती विचारलेली नाही. मर्यादा सांगायची ती अशी नेमकी. "हा विषय खूप मोठा असून त्यावर अधिक अभ्यास होणे गरजेचे आहे" हे वाक्य कुठल्याही निबंधाला चिकटवता येतं, तेव्हा ते काढून टाका.

विषयाच्या शेवटी कुठला प्रश्नशब्द आहे त्याप्रमाणे उत्तराचा आकार बदलतो हेही सांगून ठेवतो. "का" असेल (झाले का, आहे का) तर हो, नाही किंवा कुठपर्यंत हो, हे यायलाच हवं. "कितपत" असेल तर नुसत्या "हो"ने भागत नाही, माप यायला हवं. "कारणे सांगा" असेल तर समारोपात कारणांची यादी परत नको, त्यांतलं मुख्य कुठलं आणि बाकीची त्याच्यामागे कशी येतात ते हवं. आणि विषय "मराठी अनुस्वार: एक अभ्यास" असा असेल तर त्यात प्रश्नच नाही, मग समारोपात उत्तर कुठून येणार! तिथे प्रस्तावनेतच स्वतः एक प्रश्न मांडून घ्यावा लागतो.

तपासायला माझी एक सवय आहे. समारोप कापून प्रस्तावनेच्या खाली लगेच चिकटवायचा आणि मधलं न वाचलेल्या कुणाला तरी वाचायला द्यायचा. त्यांनी "पण असं का म्हणतोस?" विचारलं तर समारोप बरोबर आहे, मधल्या पानांची गरज भासतेय. "हो, बरोबर" म्हणून कागद परत दिला तर दोन्हीत तेच लिहिलंय.

कधीकधी उलटंही होतं, उत्तर चांगलं निघतं पण मधल्या मजकुराला ते पेलत नाही. समजा तुमच्या निबंधात वाचणाऱ्याबद्दल "ती आली" एवढं एकच उदाहरण असेल आणि समारोपात तुम्ही "वाचणाऱ्याचे नुकसान अगदी नगण्य आहे" म्हणालात, तर सर परत शेरा मारतील आणि ते योग्यच असेल. तेव्हा एकतर मागे जाऊन "ते आले", "घरांत" ही उदाहरणं त्या परिच्छेदात घाला, नाहीतर "अगदी नगण्य" काढून "लहान" करा. आणि समारोप पक्का झाला की प्रस्तावना परत उघडा, तिच्यातलं "महत्त्वाचे स्थान आहे" काढा आणि तिथे "सोपे झाले, पण कोणासाठी?" हा प्रश्न ठेवा.