जाहिरात, पीआर आणि सेल्स प्रमोशन यांची सुसंगती तपासायची कशी? (उदाहरण: मॅगी, 2015)

प्रश्न: एमबीएला आयएमसीची, म्हणजे एकात्मिक विपणन संवादाची, असाइनमेंट आहे. ब्रँड मॅगी घेतलाय, काळ 2015 चा. तिन्ही ठिकाणचे लोगो, रंग, टॅगलाइन यांचा तक्ता केला आणि "सुसंगती चांगली आहे" असा निष्कर्ष काढला. सरांनी "हे वर्णन झालं, मूल्यमापन कुठे आहे?" असा शेरा मारून परत दिलं. नक्की काय तपासायचं असतं?

उत्तर:

पिवळा रंग आणि लाल लोगो सगळीकडे सारखाच असणार, कारण ते काम कंपनीचा डिझाइन विभाग करतो. त्याला गुण देऊन तुमच्या हाती काहीच लागत नाही. तपासायचा असतो दावा. एकाच गिऱ्हाइकाने जाहिरात पाहिली, बातमी वाचली आणि दुकानातली योजनाही पाहिली, तर ही तिन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात का? या प्रश्नावर तक्ता उभा करा.

तक्त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक साहित्य: एक जाहिरातपट, एक प्रसिद्धिपत्रक, एक योजना. रकाने पाच पुरेत: तारीख, कोणासाठी, मूळ दावा (एका वाक्यात, तुमच्या शब्दांत), त्या दाव्याला दिलेला आधार, आणि ग्राहकाने काय करावं अशी अपेक्षा. एकूण पंधरा-वीस साहित्यं जमली तरी असाइनमेंटला भरपूर झाली. मूळ दाव्याचा रकाना सर्वात अवघड जातो, कारण तिथे हात आपोआप "भावनिक आवाहन" असं काहीतरी लिहून मोकळा होतो. तो दावा नव्हे. "मॅगीत एमएसजी, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट हा चव वाढवणारा पदार्थ, घातलेलं नाही" हा दावा आहे.

यानंतर साहित्याच्या जोड्या लावायच्या: जाहिरात आणि पीआर, पीआर आणि प्रमोशन, जाहिरात आणि प्रमोशन. प्रत्येक जोडीला 0, 1 किंवा 2 गुण. दावे एकमेकांना पूरक असतील तर 2. वेगवेगळ्या गोष्टींबद्दल असतील, पण भांडत नसतील तर 1. एक खरा मानला की दुसरा खोटा ठरतो, तेव्हा 0. हे गुण एकट्याने देऊ नका. वर्गातल्या एका मित्राकडून तेच साहित्य स्वतंत्रपणे तपासून घ्या आणि किती ठिकाणी तुमचं जुळलं ते मोजा. वीसपैकी 17 जोड्यांवर एकमत झालं तर 85 टक्के. मात्र त्यातली काही एकमतं निव्वळ योगायोगाची असतात. योगायोगाने 50 टक्के जुळलं असतं असं धरलं, तर योगायोग वगळून उरणारं एकमत मोजणारा आकडा, कोहेनचा कप्पा, (0.85 − 0.50) ÷ (1 − 0.50), म्हणजे 0.70 येतो. हा आकडा अहवालात दिला की "तुम्हाला वाटलं म्हणून" हा आक्षेप बराच बोथट होतो. ज्या तीन ठिकाणी मतभेद झाला ती लपवू नका, लिहायला तिथेच सर्वात जास्त मिळतं.

आता मॅगी. 2015 हे वर्ष एका ओळीत बसत नाही, त्याचे तीन टप्पे करा आणि प्रत्येकाला वेगळे गुण द्या. सरासरी काढलीत की सगळा तपशील वाहून जातो.

पहिला टप्पा बंदीपर्यंतचा. पाकिटावर "नो ॲडेड एमएसजी" छापलेलं होतं. कंपनीची अधिकृत भूमिकाही "आम्ही एमएसजी घालत नाही" अशीच होती. पण शेंगदाण्याचं हायड्रोलाइज्ड प्रथिन, कांद्याची पूड, गव्हाचं पीठ यांत ग्लुटामेट मुळातच असतं, त्यामुळे तपासणीत ते सापडणारच. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही विधानं खरी. पण वाचणाऱ्याने पाकिटावरच्या ओळीचा अर्थ "यात एमएसजी नाही" असाच लावला. म्हणजे तीन साधनांपलीकडचं चौथं माध्यम, पाकीट, इथे पीआरला गोत्यात आणत होतं. तक्त्यात पाकिटाची ओळ हवीच, बहुतेक जण ती विसरतात. 5 जून 2015 च्या बंदीच्या आदेशात अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने शिशाच्या प्रमाणाबरोबर (मर्यादा 2.5 पीपीएम) या दिशाभूल करणाऱ्या मजकुरावरही बोट ठेवलं. त्याच दिवशी दिल्लीच्या पत्रकार परिषदेत कंपनीने सांगितलं की माल सुरक्षित आहे, तरीही तो बाजारातून मागे घेतो, आणि ती ओळ काढून टाकतो. शब्द आणि कृती यांत हा ताण आहेच. तरी मी इथे 0 देणार नाही, 1 देईन, कारण ग्राहकाचा विश्वास डळमळला असं कारण सोबत दिलं होतं. तुम्हाला 0 वाटत असेल तर तसं लिहा, पण कारण द्या.

दुसरा टप्पा अनुपस्थितीचा. 13 ऑगस्ट 2015 ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, मात्र मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथल्या प्रयोगशाळांतून नव्याने चाचण्या करायला सांगितल्या. त्यानंतर महिनाअखेरीच्या सुमारास आलेल्या "वुई मिस यू टू" या छोट्या ऑनलाइन चित्रफितींत एकटी राहणारी तरुण मुलं मॅगीची आठवण काढतात. शिसं, चाचणी, न्यायालय, एक शब्द नाही. अनेक विद्यार्थी इथे "जाहिरात आणि पीआर विसंगत" असं लिहून टाकतात. ते चूक. पीआर पुरावा सांभाळत होतं, जाहिरात नातं सांभाळत होती, आणि दोन्हींत परस्परविरोधी काही नव्हतं. चाचण्या बाकी असताना जाहिरातीने "शंभर टक्के सुरक्षित" म्हटलं असतं, तर मात्र 0 आला असता. एकमेकांपासून वेगळं असणं आणि एकमेकांविरुद्ध असणं, हा फरक तुमच्या अहवालाचा कणा ठरू शकतो.

तिसरा टप्पा पुनरागमनाचा, 9 नोव्हेंबरपासून, ऐन दिवाळीत. स्नॅपडीलवर आधी नोंदणी करून "वेलकम किट" घ्यायची योजना होती, आणि पहिले 60,000 संच पाच मिनिटांत संपल्याच्या बातम्या आल्या. प्रमोशनच्या ओळीत नीट बघण्याजोगी गोष्ट किंमत आहे. सेल्स प्रमोशन शब्दांपेक्षा किमतीतून बोलतं. समजा याच वेळी "एकावर एक मोफत" दिलं असतं, तर पीआर म्हणतंय माल निर्दोष, आणि दुकानातली पाटी म्हणतेय माल खपवायचाय. माल नवा, पण वास साचलेल्या मालाचा. त्याऐवजी योजनेचा भर होता परत भेटण्यावर, आणि तो ऑगस्टच्या चित्रफितींचाच पुढचा भाग होता. जाहिरात-प्रमोशन जोडीला मी 2 देईन.

एका ठिकाणी सांभाळा. पाच मिनिटांत साठा संपला यावरून सुसंगती सिद्ध होत नाही. पाच महिने न मिळालेली वस्तू, मर्यादित संख्या आणि आधीची नोंदणी, एवढ्यानेही तसंच झालं असतं. तो आकडा "प्रतिसाद" या शीर्षकाखाली ठेवा, गुणांच्या तक्त्यात आणू नका.