वृद्धाश्रमाच्या फलकावर बद्धकोष्ठतेची सूचना कशी लिहावी?

प्रश्न: आमच्या वृद्धाश्रमात बद्धकोष्ठतेच्या तक्रारी वाढल्या आहेत. 'भरपूर पाणी प्या, तंतुमय पदार्थ खा, चालत राहा' अशी सूचना दोनदा लावून झाली, पण काही फरक पडला नाही. रहिवाशांसाठी नेमके काय लिहावे?

वृद्धांच्या देखभालीत परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते की या तीन गोष्टी बरोबर असल्या तरी त्यांचा क्रम आणि वेळ सूचनेत नसेल, तर त्यांतली एखादी गोष्ट त्रास वाढवूही शकते. आमच्याकडे एका आजींच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

आजी ८१ वर्षांच्या होत्या आणि त्यांना आठवड्यातून दोनदाच शौचाला होई, तेही कुंथून आणि खड्यासारखे कडक. तुमच्यासारखीच सूचना वाचून त्यांनी स्वयंपाकघरातून कोंडा मागून घेतला आणि न्याहारीत रोज दोन मोठे चमचे घालायला सुरुवात केली. आठव्या दिवसापर्यंत पोट फुगले आणि भूक मेली. दहाव्या दिवशी कपड्यांना पातळ, पाण्यासारखा मळ लागू लागला, तेव्हा मदतनीस बाईंना वाटले की जुलाब झाले आणि त्यांनी जुलाब थांबवणारी गोळी दिली. डॉक्टरांनी गुदमार्ग तपासला, तेव्हा आत कडक मळाचा गोळा अडकलेला आढळला. पातळ मळ त्या गोळ्याच्या कडेने झिरपत होता. एनिमा देऊन आतडे मोकळे करायला दोन दिवस लागले.

कारण शोधताना मी त्यांच्या दिवसभराच्या पाण्याची नोंद केली. सर्व मिळून जेमतेम ७०० मिलीलिटर भरले. रात्री लघवीला उठावे लागू नये आणि अंधारात तोल जाऊ नये म्हणून त्या दुपारच्या जेवणानंतर पाण्याला हातच लावत नसत. ही भीती खरी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून 'भरपूर पाणी प्या' असे लिहिले तर कोणीही ते पाळणार नाही. शिवाय उतारवयात तहान मंदावते, त्यामुळे शरीराला पाणी कमी पडत असूनही माणसाला ते जाणवत नाही. कोंडा आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि म्हणूनच मळ मऊ राहतो. पण धरायला पाणीच नसेल तर तोच कोंडा मळाचा आकार वाढवतो आणि तो पुढे सरकत नाही.

म्हणून सूचनेत पाणी पहिले यावे, आणि ते वेळेसह यावे. आजींसाठी आम्ही २०० मिलीलिटरचा पेला ठरवला: उठल्यावर एक, न्याहारीबरोबर एक, अकरा वाजता एक, जेवताना एक, तीन वाजता एक, पाच वाजता एक आणि रात्रीच्या जेवणात अर्धा. हे १३०० मिलीलिटर झाले. चहा, दूध आणि सूप यांचे सुमारे ३०० धरले की दिवसाचे १६०० होतात. बहुतेक वृद्धांना दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पुरते. संध्याकाळनंतर फार थोडे पाणी असल्यामुळे रात्रीचे उठणे वाढले नाही आणि तिसऱ्या दिवसापासून त्या स्वतःहून पेला मागू लागल्या. ज्यांना पेले मोजणे जमत नाही, त्यांच्या उशाशी सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवावी आणि ती संध्याकाळी सहापर्यंत रिकामी व्हावी एवढेच सांगावे.

चोथा मात्र आम्ही दोन आठवडे वाढवलाच नाही. नंतर रोज एक फळ सालीसकट, पुढच्या आठवड्यात एक वाटी शिजवलेली भाजी, त्यानंतर डाळी किंवा कडधान्य, असे एकेक पाऊल टाकले. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हे उद्दिष्ट ठीक आहे, पण तिथे पोहोचायला महिना लागला तरी हरकत नाही; घाई केली की वायू धरतो आणि माणूस सगळेच सोडून देतो. दात नसलेल्यांना कच्चे सॅलड सांगू नये, त्यांना फळाचा गर किंवा मऊ शिजवलेली भाजी द्यावी. इसबगोल घेणाऱ्यांनी तो पूर्ण पेलाभर पाण्यातच घ्यावा आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा जे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांनी तो स्वतःच्या मनाने घेऊच नये.

चालण्याच्या बाबतीत किती चालावे यापेक्षा केव्हा चालावे हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. न्याहारी पोटात गेली की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि ही लाट सकाळी सर्वांत जोरकस असते. न्याहारीनंतर दहा मिनिटे मार्गिकेत सावकाश चालावे आणि थेट शौचालयात जाऊन पाच ते दहा मिनिटे बसावे, संवेदना झाली नाही तरी. पावलांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा, न घसरणारा पाट ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर येतील असे बसावे, पुढे झुकावे आणि कोपरे मांडीवर टेकवावीत. कंबरेचा सांधा बदललेल्यांनी मात्र हा पाट डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. खुर्चीत बसून असणाऱ्यांनी न्याहारीनंतर दहा वेळा गुडघा वर उचलावा आणि पावले फिरवावीत. शौचाची संवेदना आली की ती थोपवू नये. सतत थोपवल्यास ती हळूहळू बोथट होते. कर्मचारी व्यग्र असल्यामुळे कोणाला थांबावे लागत असेल, तर ती व्यवस्थापनाची चूक आहे आणि ती आधी सुधारा.

फलकावर मोठ्या अक्षरांत मी एवढेच लिहीन: 'उठल्यावर एक पेला पाणी प्या आणि पाच वाजेपर्यंत एकूण सहा पेले पूर्ण करा. न्याहारीनंतर दहा मिनिटे चाला आणि लगेच शौचालयात बसा. पाण्याची सवय लागल्यावरच फळे, भाज्या आणि डाळी हळूहळू वाढवा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर आपले प्रमाण परिचारिकेकडून लिहून घ्या. तीन दिवस शौचाला झाले नाही, पोट फुगले, उलटी झाली, मळात रक्त दिसले किंवा कपड्याला पातळ मळ लागला, तर त्याच दिवशी आम्हाला सांगा.'

सूचनेबाहेरचे एक काम तुमचे आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके आणि लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधे आतडे मंद करतात. ज्यांना पाणी आणि चालणे पाळूनही दोन आठवड्यांत फरक पडत नाही, त्यांच्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. औषध स्वतःहून बंद करू नका. आजींची लोहाची गोळी डॉक्टरांनी याच कारणाने बदलली आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना दिवसाआड, न कुंथता शौचाला होऊ लागले.