फुटाणा, शेंगदाणा आणि दीड वर्षाचं लेकरू

प्रश्न: "मुलगा दीड वर्षाचा आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात खेड्यात राहतो. सासूबाई त्याला फुटाणे, शेंगदाणे देतात, म्हणतात आमची पोरं हेच खाऊन मोठी झाली. परवा फुटाणे खाताना त्याला जोराचा ठसका लागला, चेहरा लाल झाला, मग आपोआप थांबला. आता खेळतो, अधूनमधून खोकतो. कोणतं खाणं द्यावं, कसं चिरून द्यावं?"

चिरण्याचं नंतर सांगते, आधी परवाच्या ठसक्याचं. लेकरू खेळतंय तरी त्याला आजच डॉक्टरकडे न्या. गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, "फुटाणे खाताना जोराचा ठसका लागला होता, तेव्हापासून अधूनमधून खोकतो." नुसतं "खोकला आहे" म्हणाल तर खोकल्याचं औषध मिळेल, आणि त्यात डॉक्टरची चूक नसेल. श्वास जोरात चालला असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर वाटत असतील किंवा आवाज बसला असेल, तर दवाखाना उघडायची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

इतकं घाईनं का म्हणते, ते समजून घ्या. दाणा श्वासनळीच्या तोंडाशी अडकतो तेव्हा खोकला फार जोराचा येतो. तिथून तो खाली सरकला, उजव्या किंवा डाव्या फुप्फुसाच्या फाट्यात जाऊन बसला, की तिथल्या आतल्या अस्तराला थोड्या वेळानं त्याची सवय होते आणि खोकला कमी होतो. घरच्यांना वाटतं, गेला ठसका. प्रत्यक्षात दाणा तिथंच असतो. हरभरा ओलाव्यानं फुगतो. शेंगदाण्यातल्या तेलानं नळीला आतून सूज येते. मग काही दिवसांनी ताप, कफ, घरघर सुरू होते, आणि तोवर परवाचा ठसका कुणाच्या डोक्यातही नसतो.

उपकेंद्रात नर्स म्हणून काम करताना पाहिलेली एक गोष्ट सांगते. उन्हाळी भुईमूग निघाला होता, अंगणात शेंगा वाळत होत्या. दोन वर्षांची व्हायला आलेली एक पोरगी मोठ्या भावासोबत शेंगा फोडून खात बसली होती. एकाएकी खोकल्याची उबळ आली, क्षणभर ओठ निळे पडले, आईनं पाठीवर थोपटलं, पाणी पाजलं, पोर रडली नि शांत झाली. आठवड्याभरात ताप आला. खाजगी दवाखान्यात अँटिबायोटिकचं सिरप आणि वाफ दिली, ताप उतरला. औषध संपलं की पुन्हा खोकला. हे असंच दोनतीनदा झालं, दरवेळी "निमोनिया" म्हणून.

शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, तर उजव्या बाजूला श्वासाचा आवाज डाव्यापेक्षा फार कमी येत होता. त्यांनी आजीला विचारलं, "हिला कधी खाताना ठसका लागला होता का?" आजीनं शेंगांचं सांगितलं. एक्स-रेत दाणा दिसला नाही, दिसणारच नव्हता. गिळलेलं नाणं एक्स-रेत पांढरं दिसतं, शेंगदाणा दिसत नाही. दिसलं ते एवढंच की उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा जास्त फुगलेलं होतं. श्वास आत घेताना नळी थोडी रुंदावते, हवा दाण्याच्या कडेनं आत शिरते. बाहेर सोडताना नळी आवळते आणि हवा मागं कोंडून राहते. नागपूरला भूल देऊन दुर्बिणीनं अर्धा शेंगदाणा काढला, तेव्हा कुठं खोकला गेला.

म्हणून परवाच्या ठसक्यानंतर एक्स-रे "नॉर्मल" आला तरी लगेच निश्चिंत होऊ नका. ठसका जोराचा होता आणि खोकला राहिला आहे, एवढ्यावरून डॉक्टर दुर्बिणीसाठी पाठवू शकतात. लहान लेकराची दुर्बीण सगळीकडे होत नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा की ही सोय नक्की कुठं आहे, आणि होईल तर तिथं आधी फोन करायला सांगा. उगाच दोन ठिकाणी फिरण्यात दिवस जातो.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांची पोरं खाऊन मोठी झाली हे खरंच असेल. पण त्या काळात एखादं लेकरू दाण्यानं गेलं असेल, तर ते "निमोनियानं गेलं" असंच सांगितलं गेलं असणार. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना लेकराची करंगळी दाखवा, श्वासनळी साधारण तेवढीच जाड असते. मग त्याच्या तोंडात बोट घालून दाढा दाखवा. दीड वर्षात पुढचे दात असतात, पहिल्या दाढा नुकत्या येत असतात, आणि त्यामागच्या दुसऱ्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांच्या आसपास येतात. पुढच्या दातानं फुटाण्याचे दोन तुकडे होतात, पीठ होत नाही. ते तुकडे तोंडात फिरत असताना पोरगं हसलं, रडलं, धावलं की श्वासासोबत आत जातात. दाढा आल्या म्हणजे चावणं आलं असंही नाही, ते जमायला आणखी वर्षं लागतात. म्हणून अख्खे किंवा फोडलेले शेंगदाणे, फुटाणे, काजू, बदाम पाच वर्षांपर्यंत नकोत.

पण शेंगदाणा-हरभरा ताटातून काढून टाकायचा नाही, आमच्याकडे तेच तर पोषण आहे. शेंगदाणे भाजून, साल काढून, खलबत्त्यात किंवा मिक्सरला अगदी बारीक कूट करा आणि भाजीत, वरणात, खिचडीत कालवा. चमच्यानं कोरडं कूट तोंडात टाकू नका. फक्की मारताना श्वासासोबत भुकटी आत जाते आणि तिचाही ठसका जोराचा असतो. फुटाण्याचं तसंच, पीठ करून गूळ आणि दुधात किंवा पाण्यात पातळ कालवा. शेंगदाण्याची चटणी घट्ट असेल तर टाळूला चिकटते, तेव्हा गोळा न देता भाकरीवर पातळ पसरून किंवा ताकात ढवळून द्या. कूट करायचं काम सासूबाईंकडेच द्या. नातवाला त्यांच्या हातचं खायला मिळेल, आणि आपलं काही हिरावून घेतलं असं त्यांना वाटणार नाही.

हिवाळ्यातले सोले, मग ते हरभऱ्याचे असोत की तुरीचे, गोल आणि गुळगुळीत असतात. उकडून दोन बोटांत दाबले की सहज पेस्ट व्हायला हवी, नाहीतर आणखी शिजवा. वाढताना दाबून, साल काढून वरणभातात मिसळा. टहाळावरून ओले तोडून पोराच्या हातात देऊ नका. ज्वारीचा हुरडा, कोरडे मुरमुरे, चिवडा, मक्याचे दाणे आणि पॉपकॉर्न या वयात नकोतच.

बोराचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही, कारण ते मऊ वाटतं. त्याची साल चिवट, आत टणक बी, आणि आकार बरोबर नळीचं तोंड बंद करणारा. बोर द्यायचंच तर गर सालीवरून खरवडून द्या, बी आधीच फेकून. जांभळाचं तसंच. द्राक्ष मात्र गोल चकत्या करून देणारे फार भेटतात. गोल चकती नळीवर झाकणासारखी बसते. द्राक्ष उभं चिरा, मग पुन्हा उभं, एकाचे चार, आणि बी असेल तर काढा. छोट्या टमाट्यालाही हेच करा.

संत्र्याची फोड अख्खी देऊ नका. वरची पातळ पारदर्शक साल सोला, बिया काढा आणि आतला गर बोटांनी मोकळा करा. सीताफळाचा गर बिया काढून हातानं कुस्करून द्या, त्या बिया गुळगुळीत असतात आणि गरासोबत नकळत सरकतात.

गाजर कच्चं नको, चकत्याही नकोत. वाफवून बोटानं दबेल असं करा, मग कुस्करा. किंवा कच्चंच बारीक किसून खिचडीत शिजवा. सफरचंद किसून किंवा वाफवून. काकडीची साल आणि बिया काढून किसा. ओलं खोबरं फक्त किसून. भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात गोळा होऊन बसतो, तेव्हा वरणात किंवा ताकात भिजवून चुरा. अंड्याचा पिवळा कोरडा असतो, थोडं तूप किंवा वरण घालून कुस्करा. मटण असेल तर तंतू हातानं सुटे करा आणि हाडाचा कण राहिला का ते चाचपून पाहा.

घरात मोठं भावंड असेल तर खरं लक्ष त्याच्यावर ठेवा. पाचसहा वर्षांचा दादा प्रेमानं आपल्या हातचा फुटाणा भरवतो, आणि तुम्ही चुलीकडे असता. फुटाणे, दाणे, चिंचोके, रोज वापरातली सुपारी यांचे डबे उंचावर ठेवा. बाजारातून परतताना बंडीत किंवा दुचाकीवर बसून खाऊ घालू नका. लेकरू जमिनीवर बसलेलं, तुमच्यासमोर आणि शांत असलं की खाऊ द्या. रडताना तोंडात घास कोंबू नका.

आणि समोरच अडकलं तर? खोकतोय, आवाज येतोय, रडतोय, तर त्याला खोकू द्या, पाठीवर मारू नका, पाणी पाजू नका. आवाजच येत नसेल, तोंड उघडं पण श्वास नाही, रंग बदलतोय, तर त्याला मांडीवर पालथं घेऊन डोकं छातीपेक्षा खाली ठेवा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच ठोके द्या. प्रत्येक ठोक्यानंतर काही बाहेर आलं का पाहा. नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके. पुन्हा पाच ठोके, पुन्हा पाच झटके. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके देऊ नका, छातीच्या मधोमध दाबायचे असतात. तोंडात न दिसणारी वस्तू बोटानं शोधू नका, ती आणखी खाली ढकलली जाते. उलटं टांगून हलवू नका. दुसऱ्या माणसाला १०८ लावायला सांगा. बेशुद्ध झाला तर छाती दाबण्याचं काम लगेच सुरू करावं लागतं. ते आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडून एकदा हातानं करून शिकून घ्या. वस्तू निघाली तरी पोटावर झटके दिले असतील, तर लेकराला डॉक्टरकडे दाखवा, आत मार बसलेला असू शकतो.

डॉक्टरकडे जाऊन आल्यावर छाती ऐकून काय सांगितलं ते इथं लिहा. दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का, हे त्यांना आवर्जून विचारा.