मिथेन, इथीन, इथाइन: संकरणाची आकृती

प्रश्न: या तिघांत कार्बनची कोणती ऑर्बिटल्स मिसळतात? आकृतीत ती एकमेकांवर कशी दाखवायची?

मिथेनमध्ये 2s सोबत तिन्ही 2p मिसळतात (sp³), इथीनमध्ये दोन (sp²) आणि इथाइनमध्ये एकच (sp). न मिसळलेल्या p पासून पाय बंध होतो. कारण सरळ आहे: कार्बन जितक्या अणूंना जोडलेला, तितके सिग्मा बंध, आणि तितकीच संकरित ऑर्बिटल्स लागतात. मिथेन सोपा आहे, चार sp³ चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे, प्रत्येकावर हायड्रोजनचे 1s.

खरी गडबड इथीनमध्ये होते. दोन्ही कार्बनची तीन-तीन sp² कागदाच्या प्रतलात, साधारण १२०° वर काढा. त्यांतली समोरासमोरची दोन टोकाला टोक भिडतात, तो C–C सिग्मा, उरलेली हायड्रोजनकडे. आता प्रत्येक कार्बनवर एक p प्रतलाला लंब काढा, एक पाळी वर, एक खाली. ही दोन p समांतर असतील तरच बाजूने जुळतात, म्हणून रेणू सपाट राहतो. समान कलेच्या पाळ्या एकाच बाजूला रंगवा. वरचा आणि खालचा ढग मिळून एकच पाय बंध, हे विसरून अनेकजण दोन मोजतात.

इथाइनमध्ये अक्ष x धरला तर 2s आणि 2pₓ मिसळतात. उरलेल्या 2p_y व 2p_z च्या दोन जोड्या परस्परलंब दोन पाय बंध देतात.

मात्र संकरण हे बंधांचे प्रारूप आहे: मिथेनच्या प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात संयुजा इलेक्ट्रॉनांच्या दोन वेगळ्या ऊर्जा दिसतात, चार सारख्या sp³ वरून अपेक्षित एक नव्हे.