सेमिनारसाठी पत्र: एकालाच लिहा, आणि पुढे पाठवता येईल असं लिहा

प्रश्न: "जर्मनीत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, विषय सॉफ्ट मॅटर. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला घरी येतेय. तिथल्या एखाद्या संस्थेत सेमिनार द्यायची इच्छा आहे, पण कोणी बोलावलेलं नाही. स्वतःहून विचारणं बरं दिसतं का? कोणाला लिहू आणि काय लिहू?"

जरूर विचारा. मी जर्मनीत पोस्टडॉक असताना दोन हिवाळे हेच केलं. आता गेली तीन वर्षं आमच्या भौतिकशास्त्र विभागातल्या सेमिनारचं वेळापत्रक माझ्याकडे आहे, त्यामुळे अशी पत्रं जिथे येऊन पडतात ती बाजूही पाहतो आहे. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे बोलणाऱ्यांत सुट्टीला घरी आलेली मुलंमुली बरीच असतात. विभागाला प्रवासखर्चाशिवाय नवं काम ऐकायला मिळतं, आणि आमच्या विद्यार्थ्यांना पुढे कुठे अर्ज करावा याचा अंदाज येतो. तेव्हा संकोच नको. मात्र काम चांगलं असूनही पत्र चुकलं म्हणून उत्तर येत नाही, असं होतं. माझंच झालं होतं.

पहिल्या हिवाळ्यात मी एकाच विभागातल्या पाच प्राध्यापकांना एकाच दुपारी तेच पत्र वेगवेगळं पाठवलं. पाचांतलं कोणीतरी हो म्हणेल असं वाटलं होतं. एकाचंही उत्तर आलं नाही. वर्षभराने त्यांच्यापैकी एकजण परिषदेत भेटले तेव्हा कारण कळलं. चहाला जमल्यावर तिघांच्या लक्षात आलं की पत्र सगळ्यांनाच आलंय, आणि प्रत्येकाने धरून चाललं की उत्तर दुसरा देईल. शिवाय पत्र १ डिसेंबरला पाठवलेलं आणि तारीख मागितलेली २२ ची. तोवर निम्मं वसतिगृह रिकामं झालेलं असतं.

म्हणून आधी हे लक्षात घ्या, की तुम्हाला 'या' म्हणणाऱ्या माणसाला पुढे काय काय करावं लागतं. सेमिनारचं वेळापत्रक पाहणाऱ्याकडून तारीख घ्यायची, हॉल धरायचा, शीर्षक आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टसह सूचना फिरवायची, गेटवर तुमचं नाव द्यायचं, तुम्हाला कोणाकोणाला भेटवायचं ते ठरवायचं, आणि दिवसातले दोन-तीन तास तुमच्यासाठी मोकळे ठेवायचे. यजमान म्हणतात तो हा माणूस. एवढा खटाटोप तो तुमच्या विषयात त्याला स्वतःला रस असेल तरच करतो. विभागप्रमुखांना लिहिलेलं पत्र बहुधा इथेच अडकतं. ते वाचतात, योग्य माणसाकडे पाठवायचं ठरवतात आणि दुसऱ्या कामाला लागतात.

तेव्हा त्या विभागातला असा एकच प्राध्यापक शोधा, ज्याच्या गेल्या तीन-चार वर्षांतल्या एखाद्या लेखाबद्दल तुम्हाला खरोखर काही विचारायचं आहे. तुमच्या प्रबंधाच्या संदर्भसूचीतच असं नाव सापडलं तर उत्तम. विषयाचं नाव जुळतं एवढ्यावर जाऊ नका. 'सॉफ्ट मॅटर' म्हणवणारे दोघे एकमेकांच्या कामापासून फार लांब असू शकतात. तुमच्या अगदी जवळचं काम करणारं कोणीच नसेल तर मात्र सेमिनार पाहणाऱ्याला थेट लिहा, त्याचं नाव संस्थेच्या पानावर बहुतेक असतं. लिहिण्याआधी तुमच्या गाइडना सांगा. अप्रकाशित निकाल दाखवायचे असतील तर त्यांची आणि सहलेखकांची संमती लागेलच, आणि कित्येकदा त्यांची त्या माणसाशी ओळखही निघते.

आता वेळ. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांत ऑगस्टचं सत्र नोव्हेंबरअखेरीस संपतं, मग परीक्षा होतात, आणि पुढचं सत्र जानेवारीत सुरू होतं. पीएचडीचे विद्यार्थी मात्र डिसेंबरच्या मध्यापर्यंत असतात आणि तुमचे खरे श्रोते तेच. त्यामुळे डिसेंबरचा दुसरा आणि तिसरा आठवडा चांगला, नाताळाचा आठवडा टाळावा. पत्र सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत जाऊ द्या. त्याहून फार लवकर लिहिलं तर 'पाहू' असं उत्तर येतं आणि ते पाहणं राहून जातं.

दुसऱ्या हिवाळ्यात मी एकाच प्राध्यापकांना लिहिलं. पत्र इंग्रजीत होतं, तुमचंही असू द्या. यजमान मराठी असले तरी ते पत्र पुढे कोणाकडे जाईल ते सांगता येत नाही. मजकूर साधारण असा होता:

"विषय: ८ ते १९ डिसेंबरदरम्यान सेमिनार, वाळणाऱ्या थेंबांतील कण

आदरणीय प्राध्यापक अमुक,

मी प्राध्यापक तमुक यांच्या गटात पोस्टडॉक आहे. थेंब वाळताना लांबट कण कडेला न जाता पृष्ठभागावर का अडकतात, यावर प्रयोग करतो. पृष्ठभागावरच्या कणांच्या जाळ्याबद्दलचा तुमच्या गटाचा गेल्या वर्षीचा लेख आम्ही वापरला. त्यातला एक अंदाज आमच्या मोजमापांशी जुळतो, दुसरा जुळत नाही. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

८ ते १९ डिसेंबर मी पुण्यात आहे. तुमच्या विभागाचा सेमिनार मंगळवारी असतो असं संकेतस्थळावर दिसलं. ९ किंवा १६ तारखेला जागा असेल तर मला ४५ मिनिटांचं व्याख्यान द्यायला आवडेल. जागा नसेल तर तुमच्या गटाच्या बैठकीत बोलायलाही येईन. राहण्या-येण्याची सोय माझी मी करेन. शीर्षक आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट खाली देत आहे, सीव्ही जोडला आहे."

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, दोन ओळींचं. त्यांनी माझं पत्र सेमिनार पाहणाऱ्याकडे जसंच्या तसं पाठवलं होतं आणि वर फक्त 'यजमान मी होईन, १६ जमेल का?' एवढं लिहिलं होतं. पुढे पाठवता येईल असं लिहा म्हणतो ते यासाठी. पत्रात सगळं असेल तर यजमानाला स्वतःहून काही लिहावं लागत नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्ट 'नंतर पाठवतो' म्हटलं की मध्ये आणखी दोन-तीन पत्रं होतात आणि त्यातच आठवडा जातो.

एक अंदाज जुळतो आणि दुसरा जुळत नाही, हे वाक्य त्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य होतं. 'तुमच्या कामाने प्रभावित झालो' असं पन्नासजण लिहितात, त्यातून लेख वाचल्याचं कळत नाही. न जुळणाऱ्या गोष्टीचा उल्लेख उद्धटपणा वाटेल ही भीती मलाही होती. प्रत्यक्षात यजमानांनी तासभर त्यावरच चर्चा केली. असं खरं काही हाताशी नसेल तर ओढूनताणून लिहू नका, त्यांच्या लेखाबद्दलचा तुमचा प्रश्न सरळ विचारा.

शीर्षकावर मी तेव्हा सर्वांत जास्त वेळ घालवला. आधीचं शीर्षक माझ्या लेखाचंच होतं आणि ते गटाबाहेरच्या कोणालाही कळलं नसतं. ते बदलून 'चहाच्या डागाला कडा का असते, आणि ती केव्हा नसते' अशा अर्थाचं केलं. अ‍ॅबस्ट्रॅक्टची पहिली तीन वाक्यं सगळ्या विभागासाठी होती: थेंबाची कड जागची हलत नाही, तिथून पाणी जास्त वेगाने उडतं, ते भरून काढायला आतलं पाणी बाहेर वाहतं आणि कणांना कडेला नेतं. आमचं काम चौथ्या वाक्यापासून. दीडशे शब्दांत सगळं बसलं. सेमिनारला येणाऱ्यांत तुमच्या विषयाचे दोन-चारच असतात, बाकीचे लोक ती सूचना वाचून यायचं की नाही ते ठरवतात.

कॉलोक्वियम स्वतःहून मागू नका. तो सगळ्या संस्थेसाठी असतो, वक्ते बहुधा ज्येष्ठ असतात आणि आमंत्रणानेच येतात. विभागाचा सेमिनार किंवा गटाची बैठक मागावी. गटाची बैठक कमी प्रतीची समजू नका. तिथे दहा माणसं असतात पण मधेच थांबवून प्रश्न विचारतात, आणि पीएचडीच्या टप्प्यावर तेच जास्त उपयोगी पडतं.

पैशांचं एका वाक्यात स्पष्ट लिहा. तुमचं घर पुण्यात आहे म्हणजे प्रश्न सोपा. याच सुट्टीत मुंबईला किंवा बंगळुरूला जायचं असेल आणि एका रात्रीपुरतं गेस्ट हाउस हवं असेल, तर तसं पहिल्याच पत्रात लिहा. एका खोलीची सोय यजमान सहज करू शकतो. तिकिटाचा विषय तारीख ठरल्यावर अचानक निघाला, तर त्याला पुन्हा मंजुरी घ्यायला जावं लागतं आणि अवघडल्यासारखं होतं.

उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण द्या. त्यानंतर आठवडाभर काहीच नाही, तर त्याच विभागातल्या दुसऱ्या एखाद्याला लिहायला हरकत नाही. पण एका वेळी एकालाच. ऑक्टोबरमध्ये सुरुवात केलीत तर या दोन फेऱ्यांना वेळ पुरतो, आणि लवकर लिहा म्हणण्याचं हेही एक कारण आहे.

पुण्याची एक खास बाब. पाषाण रस्त्यावर आयसर आणि एनसीएल शेजारीशेजारी आहेत, आणि विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए. अशा शेजारच्या संस्थांत तेच व्याख्यान दोनदा दिलं तर दुसऱ्या वेळी पहिल्यातलीच काही माणसं समोर असतात. दोन्हीकडे लिहायचं असेल तर दोन्ही यजमानांना तसं कळवा. बहुधा एकच सेमिनार ठरतो आणि त्याची सूचना पलीकडेही जाते. मग दुसऱ्या संस्थेत फक्त तासभर भेटायला जा. दोघांना न सांगता दोन तारखा घेतल्यात तर त्यांना ते एकमेकांकडूनच कळेल.

तारीख पक्की झाली की यजमानाला तीन गोष्टी विचारा: श्रोते भौतिकशास्त्राचेच आहेत की रसायनशास्त्राचेही, प्रश्नांसह एकूण वेळ किती, आणि आधी किंवा नंतर कोणाला भेटता येईल. भेटायची दोन-तीन नावं तुम्हीच सुचवा. शक्य असेल तर जेवण विद्यार्थ्यांबरोबर मागा. त्या विभागात उपकरणं कशी चालतात, फेलोशिप वेळेवर येते का, हे तुम्हाला तिथेच कळेल, आणि पोस्टडॉकसाठी परत यायचा विचार असेल तर ते उपयोगी पडेल. नोकरीचा विषय मात्र पहिल्या पत्रात घालू नका. यजमानासमोर बसल्यावर सरळ विचारा, 'पुढच्या दोन वर्षांत तुमच्याकडे जागा निघेल का?' मला हा प्रश्न दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतं आणि मी माहीत असेल ते सांगतो.